जुईच्या अंगणातली जाई

"आबा, मॅडम म्हणे, हे जुई नाहीच हाय!" बारा वर्षांच्या जुईने दप्तर फेकलं आणि ती रडायलाच लागली.

प्रभाकरराव वनविभागातून बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झालेले. बालाघाटात कुणी कुंदाला मोगरा म्हटलं तरी ते रस्त्यात थांबून चूक सुधारत. नातीच्या जन्माला अंगणात वेल त्यांनीच लावला होता. सोमवारी शाळेत प्रत्येकाने आपल्या नावाचं झाड ओळखून दाखवायचं होतं, म्हणून जुईने आधीच एक डहाळी मॅडमना नेऊन दाखवली होती.

"तुह्या मॅडमले काय समजते?"

"पानं मोजा म्हणल्या."

त्यांनी मोजली. एका देठावर समोरासमोर तीन जोड्या आणि टोकाला एक, अशा सात पर्णिकांचं पान. कळीची बाहेरची बाजू गुलाबी. जुईचं पान असं नसतं. एक मोठं पान आणि बुडाशी कानांसारखी दोन इवलीशी पानं, नाहीतर तीही नाहीत. फूल बारीक, पांढरंशुभ्र.

"ही तर जाई," प्रभाकरराव पुटपुटले. "हिंदीवाल्यांची चमेली."

"मंग कटंगीले काय लावलं तुम्ही?" आतून त्यांच्या बायकोने, उमाबाईंनी विचारलं.

प्रभाकरराव खाटेवर बसले. बारा वर्षांपूर्वी, जुई जन्मली त्याच आठवड्यात कटंगीला त्यांच्या मुलीला, नूतनला मुलगी झाली होती. तिचं नाव जाई. दोन पिशव्यांत बिनपानांच्या दोन काड्या आणल्या होत्या. चिठ्ठ्या त्यांनीच लिहिल्या, त्यांनीच चिकटवल्या.

"बारा वर्षं रोज पाहून राह्यले," उमाबाई म्हणाल्या, "अन् दुसऱ्याची झाडं सुधारत फिरले!"

रविवारी सकाळच्या बसने ते नातीला घेऊन कटंगीला गेले. नूतनच्या फाटकावर खरी जुई फुलली होती, पानांना इवले कान घेऊन.

"कलमं करतो, बदलून टाकतो," त्यांनी सांगितलं.

"काहून?" जाई फाटकाला पाठ लावून उभी राहिली. "पाणी म्या घातलं. बकरी म्या हाकलली. हे माह्यं झाड हाय."

"अवं, पण नाव..."

"मंग नाव बदलवा. झाड नाही."

जुईने डोळे पुसले. तिच्या अंगणातला वेल आता कोण तोडतं, तेच ती बघणार होती. "मी बी नाही देणार, आबा. उद्या मले मार्क नाही भेटले तरी चालते."

"पोरींनो, दाखले, आधार... किती कागद बदलावे लागतीन!"

"चिठ्ठ्यांचे कागद तुमच्याकडूनच बदलले न, बाबा," नूतन चहा देत म्हणाली.

परतीच्या बसमध्ये नातीने झाडासाठी नावाची पाटी मागितली. घरी येऊन प्रभाकररावांनी ती अक्षर घोटून लिहिली. तिने सांगितलं तेच लिहिलं, आणि यावेळी दोनदा तपासलं.

सोमवारी वर्गात तिने आणलेल्या फांदीवर ती पाटी लटकत होती:

"झाड: जाई. मालकीण: जुई. ओळख पटवणारे: आबा, बारा वर्षांनी."