तीनदा म्हणायचं, मग मोडायचं

आमच्या करी रोडच्या चाळीतले परबकाका भाजीसुद्धा भाषणातच घेतात. "ही मेथी जून आहे. ही मेथी कालची आहे. ही मेथी पाणी मारून तुझ्या टोपलीत तरुण झालेली आहे!" भाजीवाला चौथ्या मेथीसाठी मान खाली घालतो, तर काका शांतपणे म्हणतात, "दोन जुड्या दे."

सत्कार असो, शोकसभा असो, लालबाग-परळात बोलायला काकाच. मीही एकदा धाडस केलं होतं. साहेबांच्या निरोप समारंभात दर वाक्य "मला आठवतंय"ने सुरू केलं. थांबायचं कुठे ते कळेना. शेवटी साहेबच म्हणाले, "पुरे, समोसे गार होतायत."

काकांना सांगितलं तर म्हणाले, "मेल्या, जिना चढतोस की नुसता पायरीवर उड्या मारतोस? दर ओळ आधीच्या ओळीपेक्षा वर गेली पाहिजे. पहिल्यांदा शब्द नुसता ऐकू येतो. दुसऱ्यांदा कानाला त्याची चटक लागते. तिसऱ्यांदा लोक मनात तुझ्या पुढे पळतात. चौथ्याला त्यांच्या तोंडात तोच शब्द तयार असतो. तेव्हा तू दुसराच काढायचास!"

"हो, आणि आमटी उकळून आटते तोवर," काकू आतून ओरडायच्या.

त्या काकूंना यंदा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा. शब्द परत येऊही शकतात." काका परळच्या इस्पितळात दिवसभर बोलत बसायचे. काकू छताकडे बघायच्या. काकांसाठी आमच्या घरून नेलेला डबा तसाच परत यायचा.

एका दुपारी मी डबा घेऊन पोचलो, तेव्हा काका पलंगाशी वाकले होते. आवाज भाषणाचा नव्हता.

"तू माझ्या आईला आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत रुळवलंस. तू गिरणी बंद पडल्यावर पापड लाटून पोरीला डॉक्टर केलंस. तू माझ्यासारख्या बडबड्याला आयुष्यभर ऐकून घेतलंस..."

आणि काका थांबले. माझ्या मनात पुढचा "तू" येऊन उभा राहिला. शेजारच्या पलंगावरची बाईही कान देऊन होती. मोडायची वेळ झाली होती, पण काका मोडेनात. ती जागा त्यांनी काकूंसाठी रिकामी ठेवली होती.

काकूंची नजर छतावरून खाली आली. ओठ हलले.

"तु..."

काकांनी पलंगाची कड घट्ट धरली.

"तु... म्ही," काकू म्हणाल्या. डावा हात माझ्या डब्याकडे वळला. "जेवा."

लालबाग-परळ गाजवलेला तो माणूस खुर्चीवर बसला. मी डबा उघडून दिला. एक शब्दही न बोलता काका भरभर जेवू लागले, आणि काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.