जमादारांची वही

आमचे शेजारी रंभाजी जमादार पोलिसातून रिटायर झाले, पण चौकशी काही सुटली नाही. फरक इतकाच, की आता ते माणसांऐवजी शब्दांना धरतात.

मी दाराला कुलूप लावत असलो की मागून आवाज येणार, "ह्याचं मूळ नाव ठावं हाय का?"

"कुणाचं?"

"कुलपाचं. फारसीतनं आलं तवा 'कुफ्ल' हुतं. हितं आल्यावर फ आन ल नी जागा बदलल्या, मंग फ चा प केला. नाव बदलून ऱ्हातंय, आन तुमी त्याच्या भरवशावर घर सोडताय."

खिसा हा जुना 'कीसा', खुर्ची ही जुनी 'कुर्सी'. दोघांनीही क चा ख करून घेतलेला. इंग्रजी 'ग्लास' मध्ये इ घुसवून 'गिलास' झाला, 'बॉटल' शेवटी ई लावून 'बाटली', म्हणजे चक्क बाई झाली. "लई बेरकी बेनं," हे त्यांचं पालुपद.

एरवी मी हसलो असतो. पण दिवाळीत काकूंना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, आणि हा गृहस्थ बायकोजवळ बसायचं सोडून वही घेऊन आमच्या ओट्यावर ठाण मांडायला लागला. आई कुणाशी बोलायला लागली की यांची पेन्सिल चालू. मी आलो की वही बंद.

माझ्या मनात पाल चुकचुकली. न्हाणीघराची भिंत मी त्यांच्या बोळात हातभर पुढे घेतली आहे, हे खरं. म्हणजे म्हाताऱ्या आईकडून गोड बोलून कबुली काढायची आणि नगरपंचायतीत तक्रार ठोकायची. दुसरं काय असणार?

एका सकाळी सरळ त्यांच्या घरात शिरलो. म्हटलं, "काका, वही दाखवा."

त्यांनी ती पुढे केली. पानावर वर माझ्या आईचं नाव. खाली गिलास, टेसन, इस्टो, कंदील. पुढच्या पानावरही तसंच. भिंतीचं कुठे नावही नाही.

"दवाखान्यातल्या बाईनं बोलायच्या सरावाला कारडं दिली," ते म्हणाले. "त्यावर पेला, आसन, असले शब्द. ही जल्मात आसन म्हनली न्हाई. नुसती बघत बसती. तुमची आई हिच्याच माहेरची, खर्ड्याची. दोघींची बोली येकच."

मग वहीकडे बघत म्हणाले, "मी सगळी वर्सं ड्युटीवर. हिच्या तोंडात कोन्ते शब्द हुते, माज्या ध्यानातच न्हाई."

मला फार लाज वाटली.

खाटेवरून काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा डावा हात हळूच कोपऱ्याकडे वळला. ओठ हलले.

"खु... खुच्ची."

जमादारांनी या शब्दाची चौकशी केली नाही. वही माझ्या हातातून घेतली, काकूंच्या नावाचं नवं पान काढलं आणि शब्द निघाला तसाच लिहिला.

"बसा की," ते म्हणाले. "ती बस म्हनती."

मी खुर्ची ओढून बसलो.