जबाब न जुळणारी कविता

केरकरकाकांच्या दारात उभं राहून कुणी ‘सहज आलो’ म्हणालं, तर ते लगेच आत घेत नाहीत. साखळी लावलेल्या दाराच्या फटीतून विचारतात, "लिफ्ट बंद आहे. तीन मजले चढून सहज कसे आलात?" मग आलेला माणूस ओशाळतो आणि खरं कारण सांगतो. गणपतीची वर्गणी, नाहीतर पाण्याची तक्रार. काका समाधानाने साखळी काढतात.

काकांची सगळी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात गेली. गोदामाला आग लागली, दुकान फुटलं, ट्रक उलटला, की हे जाऊन लोकांचे जबाब घ्यायचे आणि त्यात विसंगती शोधायचे. निवृत्त होऊन आता मुलुंडला आमच्या सोसायटीत घरीच असतात, पण खातं सुटलं नाही. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. कॉलेजात मराठी शिकवते, म्हणून ते मला ‘बाई’ म्हणतात. मी राहायला आल्या आल्याच त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारलं होतं, "बाई, तुम्ही काल म्हणालात मला फुरसत नाही, आणि आज तासभर गच्चीत उभ्या होतात. जबाब जुळत नाही."

जबाब जुळत नाही. हे वाक्य दिवसातून किती जणांना ऐकावं लागे, देव जाणे. लग्नपत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ छापून हॉलच्या दारात पाकिटं घ्यायला भाचा बसवणाऱ्या गोखल्यांना ऐकावं लागलं. वॉचमनला तर रोजच. एकदा मंडईत कोळीणबाई ओरडत होती, "सुके बोंबील घ्या, ताजे आहेत." काका थांबले. म्हणाले, "सुके की ताजे?" तिने त्यांना खालून वरपर्यंत पाहिलं. "घ्यायचे तर घ्या, नायतर सरका बाजूला. मागे गिऱ्हाईक हाय." काका सरकले, पण घरी येईपर्यंत त्या बोंबलांवर विचार करत होते.

काकू होत्या, पण बोरिवलीला. त्यांच्या विधवा बहिणीकडे. कुणी विचारलं तर काका म्हणत, "मालती बहिणीकडे गेलीय," आणि ते अशा आवाजात म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, कालच गेली असेल, उद्या येईल. आम्ही राहायला आलो त्याच्या आधीपासून त्या गेलेल्या होत्या. ह्या एका जबाबाची उलटतपासणी मात्र सोसायटीत कुणी केली नाही.

गेल्या हिवाळ्यात सोसायटीच्या स्नेहसंमेलनात स्वतः केलेल्या प्रेमकविता वाचायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. कुणी कविता देईना. लोकांना धीर यावा म्हणून मी माझीच एक लहानशी कविता खाली बोर्डावर लावली. त्यात एक ओळ होती: ‘तू समोर बसतोस आणि मला तुझी आठवण येते.’

संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, हातात बोर्डावरून काढून आणलेला माझा कागद.

"बाई, आठवण गैरहजर माणसाची येते. हा समोर बसलाय. म्हणजे एक तर हा बसलेला नाही, नाहीतर तुम्हाला आठवण येत नाही."

"काका, दोन्ही खरं आहे."

"कसं?"

मी आत बोट दाखवलं. सोफ्यावर आमचे हे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. काकांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. ह्यांना पत्ताच नव्हता.

"असं होय," काका हळूच म्हणाले. "म्हणजे तिसरी गोष्ट नोंदवलेली नव्हती."

मी वर्गात विरोधाभास शिकवते. वरवर दोन गोष्टी एकमेकींना खोडतात, पण थोडं आत गेलं की दोन्ही टिकतात, असं सांगते. मुलं लिहून घेतात आणि विसरतात. काकांनी मात्र ते पहिल्या फटक्यात धरलं, आणि आपल्या खात्याच्या भाषेत धरलं. चहा घेताना त्यांनी मला एका आगीची गोष्ट सांगितली. दुकानदार म्हणत होता, दुकान बंद होतं. शेजारी म्हणत होता, आत माणूस होता. साहेब म्हणाले, एकजण खोटारडा आहे, क्लेम फेटाळा. काका पुन्हा गेले. दुकानदाराचा म्हातारा बाप सुनेशी पटत नाही म्हणून शटर ओढून आत झोपायचा. दोघंही खरं बोलत होते.

"पण प्रत्येक वेळी तिसरी गोष्ट सापडतेच असं नाही," मी म्हटलं. "‘तिचे डोळे काळे आहेत आणि निळे आहेत’ असं लिहिलं, तर तो नुसता चुकीचा जबाब. आत काहीच नाही."

"आणि सकाळी राग, संध्याकाळी प्रेम?"

"तो विरोध नाही. माणूस एकच हवा, विषय एकच हवा, आणि वेळही तीच हवी."

"बरोबर. नाहीतर ते वेळापत्रक झालं." काका खूश झाले. मग एकदम म्हणाले, "मी पण एक देतो कविता."

दुसऱ्या दिवशी ते खरंच कविता घेऊन आले. पहिल्याच ओळीत गोड वेदना, शीतल ज्वाला, मुका आक्रोश आणि हवाहवासा छळ. चारही एका रांगेत, दुकानात मांडल्यासारखे.

"ह्याला काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. "हे वाक्य नाही. दोनच शब्द, आणि एकमेकांच्या छातीवर बसलेले."

मी सांगितलं की हीसुद्धा विरोधाचीच रीत, पण आखूड. विरोधाभासाला अख्खं विधान लागतं, तिथे वाचणाऱ्याला विचार करायला जागा मिळते. इथे विशेषण नामाला खोडतं आणि जागाच मिळत नाही. दोन्ही एकाच घासात गिळावं लागतं. ज्याचं सुख कुठे संपतं आणि दुःख कुठे सुरू होतं हे त्यालाच कळत नाही, त्याला अशी जोडी लागते.

"सुके बोंबील, ताजे," काका पुटपुटले.

"तेच. पण ही गोड वेदना फार हातांतून गेलीय हो. पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल तेव्हा दचकायला झालं असेल. आता कुणी थांबतसुद्धा नाही. तुमच्या घरातली जोडी आणा."

ते गेले आणि परत परत येत राहिले. मला खरं तर पेपर तपासायचे होते, पण त्यांना नाही म्हणवेना. माणूस एकेका शब्दासाठी जिना खालीवर करत होता. एके दिवशी ‘गच्च रिकामं घर’ घेऊन आले. मी विचारलं, गच्च कशानं? म्हणाले, "कपाटं तिचीच आहेत ना सगळी. साड्या, बरण्या, शिवणाचं मशीन. काही नेलं नाही. मला माझा शर्ट ठेवायला जागा नाही आणि घरात कुणी नाही."

मी म्हटलं, ही ठेवा.

मग एकदा मी सहज उदाहरण द्यायला गेले. आमच्या खिडकीतून डोंगर दिसतो. म्हटलं, "हे बघा, बोरिवली जवळ आहे आणि लांब आहे. दोन्ही खरं. डोंगराच्या पलीकडे उतरलं की आलंच, पण मध्ये जंगल आहे, म्हणून सगळ्या मुंबईला वळसा घालून जावं लागतं." बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते.

काका खिडकीशी उभे होते. वळले नाहीत.

"मालती जायच्या आधी एक वाक्य बोलली होती," ते म्हणाले. "म्हणाली, मला तुमच्याशिवाय राहवत नाही आणि तुमच्याबरोबरही राहवत नाही. मी तिला विचारलं, यातलं खरं कुठलं ते सांग. जेवणाचं ताट पुढ्यात होतं. ती वाढत राहिली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, दुसरं."

मी त्यांच्या शेजारी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"माणूस एक, विषय एक, वेळ तीच," काका म्हणाले. "मी तिसरी गोष्ट विचारायला हवी होती. मी निवड करायला लावली."

कविता पुरी झाली ती सातआठ ओळींचीच झाली. सगळी देत नाही, पण मधला भाग असा होता:

गच्च रिकाम्या घरात
तुझ्या नसण्याची सवय झाली,
तिचीच सवय होत नाही.
येऊ नकोस, असं रोज म्हणतो
आणि दाराला कडी घालत नाही.

त्यानंतर शेवटची ओळ होती: ‘कारण माझं तुझ्यावर अजून प्रेम आहे.’

कार्यक्रम रविवारी होता. शनिवारी दुपारी काकांनी मला खाली बोलावलं. टेबलावर फोन होता. "कविता तिच्याबद्दल आहे," ते म्हणाले. "पक्षकाराला न विचारता चारचौघांत वाचणं बरोबर नाही. तुम्ही बसा इथे. मला कमी ऐकू येतं, फोन स्पीकरवर असतो, तेव्हा चोरून ऐकल्यासारखं वाटून घेऊ नका."

मी स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल घेऊन बसले.

"हॅलो," पलीकडून बाईचा आवाज आला. शांत, जरा जाड. "काय हो, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. उद्या सोसायटीत वाचायला एक कविता केलीय. ऐकतेस?"

"कुणी?"

"मी."

पलीकडे काही क्षण टीव्हीच ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "वाचा."

काकांनी वाचली. जबाब वाचून दाखवावा तशी, सपाट, प्रत्येक शब्द सुटा. संपल्यावर कागद खाली ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"शेवटची ओळ कशाला घातलीत?" काकूंनी विचारलं.

"कारण दिलं. नाहीतर वाचणाऱ्याला जुळवता येणार नाही."

"ज्याला जुळवायचंय तो जुळवील. तुम्ही सांगून टाकलंत की काय राहिलं?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि मला ते माहीत आहे."

मी इतकी वर्षं विरोधाभास शिकवते. ही गोष्ट मी त्यांना सांगायला हवी होती. माझ्या लक्षातच आली नव्हती.

काकांनी पेन्सिल घेतली आणि ती ओळ खोडली. सावकाश, दोनदा.

"मालती, ये म्हटलं तर येशील?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "आता नाही जमायचं. ताईला सोडून कुठे येऊ? आणि आलेच तरी चार दिवसांत आपलं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"हो."

"उद्या वाचणार आहात का ती?"

"नाही. तुला वाचून दाखवली. झालं."

"मग परत वाचा एकदा. त्या ओळीशिवाय."

काकांनी परत वाचली. ह्या वेळी मध्ये दोनदा अडखळले. शेवटी कडीच्या ओळीवर आले आणि पुढे काहीच नव्हतं, म्हणून थांबले.

पलीकडून कुणी बोललं नाही. काकांनीही विचारलं नाही. मला वाटलं लाइन गेली असेल, म्हणून मी उठून पाहिलं. फोन चालू होता. बोरिवलीला कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला, मग भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग कुकरची शिट्टी. काकांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि फोनकडे तोंड करून बसले, एखाद्या घरात पाहुणा बसतो तसे.

मी चप्पल हातात घेतली आणि आवाज न करता बाहेर पडले.