बुडालेले तीन तास

पिंपरखेडला नवरा दीड महिन्याचा वर्ग पुरा करून परीक्षा पास होईपर्यंत मेलेल्या बायकोला जाता येत नाही. तोवर ती घरात बसून राहते. तिला भूक नसते, पण आडवं होता येत नाही. नियम जुना आहे. त्यावर कोणी कुरकुरत नाही.

रंगनाथ सुताराची चंपा श्रावणात वारली आणि मधल्या खांबाला टेकून बसली. रंगनाथने वर्गात नाव घातलं. पंचायतीच्या मागच्या खोलीत अकरा म्हातारे सतरंजीवर बसत. एकट्याला भात किती टाकावा, गोळ्यांची वेळ कशी ध्यानात ठेवावी, लुगडी कुणाला द्यावी, असं मास्तर सांगत. पुस्तक नव्हतं. मास्तर बोलतील ते वहीत उतरवायचं आणि परीक्षेत तेच लिहायचं.

रंगनाथने तीन मंगळवार बुडवले. आजारी नव्हता. पंचायतीपर्यंत जायचा, परत यायचा आणि चंपाच्या समोर बसायचा. दोघं बोलत नसत.

तिसऱ्या मंगळवारी चंपा बोलली. "शनिवारी परीक्षा आहे. नापास झालात तर पुढचा वर्ग दिवाळीनंतर. माझी पाठ मोडलीय हो."

पाठ जिवंतपणीही दुखायची. तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं. आता होतं.

"महादबाची वही मागा," ती म्हणाली.

महादबा काळे जुना पोस्टमन. अक्षर सुरेख, एकही तास चुकवलेला नाही. त्याचीही बायको घरात बसलेली. पण रंगनाथने जन्मात कुणाकडे लाकूड तासायची पटाशीसुद्धा मागितली नव्हती.

"काय म्हणू? महादबा, वही दे?"

"हा हुकूम झाला."

मग त्याने आपलं दुःख, वय, गुडघा, सगळं घालून एक लांबण लावली. चंपाने मान हलवली. "एवढं ओझं त्याच्या डोक्यावर कशाला? तो वही देईल आणि आठ दिवस तोंड चुकवील."

मग तिने नीट सांगितलं. कोणते तास बुडाले ते तारखेनिशी सांगा, म्हणजे त्याला शोधावं लागणार नाही. वही घरी न्यायला मागू नका, त्यालाही शनिवार आहे. तो जेवून पडतो तेवढ्यात त्याच्याच ओट्यावर बसून उतरवा. आपली वही बरोबर न्या, बाकीचं तुम्ही लिहिलंय हे त्याला दिसू दे. आणि नाही म्हणायला वाट ठेवा.

"वाट ठेवली तर तो नाहीच म्हणेल."

"वाट असली की माणूस थांबतो. कोंडला की पळतो. पन्नास वर्षं दारं बसवलीत ना?"

बुधवारी दुपारी रंगनाथ महादबाच्या ओट्यापाशी उभा राहिला.

"महादबा, माझे तीन मंगळवार बुडाले. पाच, बारा आणि एकोणीस. तेवढीच पानं हवीत. तू पडशील तेवढ्यात इथंच बसून उतरवतो, वही हलवत नाही. तुला वाचायची असेल तर नाही म्हण. मी राग धरणार नाही."

महादबा चूळ भरत होता. त्याने चूळ टाकली.

"एवढंच होय? मला वाटलं, सुतार आलाय म्हणजे कडी खिळखिळी दिसली." त्याने वही आणून दिली, वर पेनही दिलं. "पाच तारखेला मास्तर भरभर बोलले. अडलं तर उठव."

पाचची पानं भातकुकरची होती. बारा तारखेला लुगडी. रंगनाथने सावकाश उतरवली. मग एकोणीसचं पान उलटलं. वर लिहिलं होतं: अडल्यावर माणसाकडे कसं मागावं. खाली पाच ओळी. काय हवं ते नेमकं सांगावं. थोडंच मागावं. त्याची वेळ बघावी. आपला वाटा दाखवावा. नाही म्हणायला वाट ठेवावी.

रंगनाथने पेनाला टोपण लावलं. महादबा आतून म्हणाला, "झालं? अजून एक पान आहे."

"हा तास माझा झालाय," रंगनाथ म्हणाला.

शनिवारी अकराही जण पास झाले. एकोणीस तारखेचा प्रश्न आला होता. रंगनाथने तो सगळ्यात आधी सोडवला होता. मास्तरांनी दाखल्यांवर शिक्के मारले.

घरी खांब रिकामा होता. चंपाच्या पाठीने त्यावर एक गुळगुळीत डाग पडला होता. रंगनाथने रंधा काढला, खांबाजवळ नेला आणि तसाच परत ठेवला.

चहा त्याने वर्गात शिकवला होता तसा एकच कप टाकला. पण प्यायला नाही. महादबाच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. महादबा ओट्यावर बसला होता. मागे घराचं दार सताड उघडं होतं, आत कोणी नव्हतं.

"महादबा, दिवेलागणीपर्यंत इथं बसू का? बोलावं लागणार नाही. नको असेल तर नाही म्हण."

महादबा थोडा बाजूला सरकला.