खुनी डॉक्टरांचा वीकेंड

सिनेमा मॅरेथॉनचा मेसेज कसा लिहावा, हे माझ्याकडून शिकावं. नुसतं "शनिवारी या, काहीतरी बघू" म्हटलं की माणसं तासभर रिमोटशी खेळतात आणि जेवून घरी जातात. मागच्या वेळी तेच झालं. वर जेवताना माझा पाहिलेला एक सिनेमा अर्धा लागला, त्यात मी सारखी "आता बघा हं" म्हणत राहिले, म्हणून गिल्बर्टने पुन्हा न येण्याची धमकी दिली. पण अक्षता पुढच्या महिन्यात बंगळुरूला कायमची चालली होती. त्याआधी ती, गिल्बर्ट आणि सुयोग अशा तिघांना कांदिवलीला माझ्या घरी खेचून आणायचंच होतं.

अख्खी संध्याकाळ खर्चून मेसेज रचला. शनिवारी तीन सिनेमे, रविवारी दोन. सगळ्यात लांबलचक तो सकाळी, कारण तेव्हा डोकी ताजी असतात. जेवणानंतर छोटा आणि धावता, नाहीतर सुयोग घोरतो. प्रत्येकापुढे लांबी, भाषा, सबटायटल्स, कुठल्या ॲपवर आहे आणि ते ॲप कुणाच्या पासवर्डवर चालतं, सगळं! शेवटी तारखांचा पोल. आणि वर ठळक अक्षरांत थीम: "ज्याचा शेवटपर्यंत संशय येत नाही असा खुनी, म्हणजे घरचा डॉक्टर."

सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. पोलमध्ये मत एकही नाही.

सुयोगने साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून विचारलं, "म्हणजे पाचही सिनेमांत खून डॉक्टरनेच केलाय?"

"हो ना. थीमच आहे ती."

"मग आम्ही बघायचं काय, डोंबल?"

मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. सुयोगने लगेच त्याचा स्क्रीनशॉट टाकला. गिल्बर्टचं दुःख वेगळंच. त्याचा वाकोल्यात दातांचा दवाखाना आहे.

"दातांचा डॉक्टर पण धरलायस का गं ह्यात?"

"तिसऱ्यात," मी लिहून बसले.

वाट लागली होती. शेवटी पाचवा सिनेमा बदलला आणि खरं ते लिहिलं: "हा मी पाहिलेला नाही. ह्यात डॉक्टर आहे, पण खून त्यानेच केलाय का, मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही?" अक्षताने लिहिलं. "हे बघायला मी येते."

पोलमध्ये धडाधड मतं पडली.

पहिल्या चार सिनेमांत डॉक्टर दिसला की तिघं त्याला हात जोडायचे. पण हा गडी पकडला कसा जातो, हे बघताना चहाची सुट्टीसुद्धा विसरायचे. रविवारी पाचवा लागला आणि टीव्हीकडे कुणी बघेना, सगळे माझ्याकडे. मी नखं खात होते. आधी डॉक्टरवर संशय, मग बहिणीवर, मग परत डॉक्टरवर. मला इतकी मजा कधीच आली नव्हती.

"बोल ना, कोण?" अक्षता कुजबुजली.

"देवाशप्पथ, कळत नाहीये गं."

तेवढ्यात आई भज्यांचं ताट घेऊन आली, टीव्हीपुढे थबकली आणि म्हणाली, "हा होय? ह्यात तो माळी मारतो. परवा दुपारीच पाहिला मी."

कुणी भज्याला हात लावेना. मग गिल्बर्ट अगदी दवाखान्यातल्या आवाजात म्हणाला, "आनुवंशिक आहे. माझ्याकडे ह्यावर औषध नाही."

"सरका रे जरा," आई सोफ्यावर टेकत म्हणाली. "का मारतो ते मी विसरलेय."