ईस्ट म्हणजे नेमकं कुठे?

बोलताना माझी चूक होत नाही, कारण मी आधी माहिती गोळा करतो! जळगावहून अंधेरीला पाणी तपासायच्या लॅबमध्ये रुजू झाल्यापासून मी हे सगळ्यांना ऐकवत होतो. म्हणून लॅबमधल्या ॲश्टननं मरोळ गावठाणातल्या घरी रविवारी जेवायला बोलावलं, तेव्हाही तयारीनिशी गेलो. 'आम्ही ईस्ट इंडियन' असं तो म्हणालाच होता. मुंबईत माझ्यासाठी दार उघडणारं हे पहिलंच घर. ते गमवायचं नव्हतं.

टेबलावर दहा माणसं. ॲश्टनची आई, ज्युलिया आंटी, फुगे नावाचे तळलेले गोल पाव वाढत होत्या. मी घसा साफ केला.

"आंटी, मराठी झकास बोलता हं! बंगालहून येऊन किती वर्षं झाली?"

चमचे हवेत थांबले. ॲश्टनचे वडील, गिल्बर्ट अंकल, शांतपणे म्हणाले, "आम्ही इथलेच रे. पणजोबा आले ते फार तर मागच्या विहिरीवरून."

माझे कान बन्सन बर्नरसारखे पेटले. नकाशा, भूगोलाच्या बाई, सगळ्यांवर ढकलायचा मोह झाला. पण खुलासा जितका लांब, तितकी चूक लांब. मी एवढंच म्हणालो, "चुकलं माझं, नावावरून अंदाज केला. मग हे 'ईस्ट' आलं कुठून?" आणि गप्प बसलो.

अंकल खुलले. बाहेरून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून इंग्रजांच्या काळात हे नाव घेतलं, हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. मला चार फुगे जास्त मिळाले.

खरी वाट लागली सोमवारी. पिपेट उचलली की डोक्यात 'बंगालहून', झाकण लावलं की 'बंगालहून'! मंगळवारी मी अंकल-आंटींना पाठवायला चौदा ओळींचा माफीनामा टाइप केला. शेजारच्या टेबलावरच्या जान्हवीनं फोनच काढून घेतला.

"माफी मागून झालीय ना? मग त्यांना कशाला परत आठवण करून देतोस?"

तिनं कागदाचे दोन भाग करायला लावले. डावीकडे घडलेलं: अंकल हसले, पुढच्या रविवारी ये म्हणाले. उजवीकडे माझ्या डोक्यातलं: घरभर माझी चेष्टा चालू असेल. उजव्या बाजूला पुरावा शून्य. ते बंगालचं वाक्य डोक्यात आलं तर हाकलायचं नाही, हाकललं की जास्त येतं. 'आलं परत' म्हणायचं आणि हातातली बाटली मोजायची, असंही तिनं बजावलं.

मी नोंद ठेवली. मंगळवारी एकतीस वेळा, गुरुवारी बारा, शनिवारी दोन. रविवारी शून्य! छाती काढून मरोळला पोचलो. कुणाच्याही चेहऱ्यावर बंगालचा मागमूस नव्हता. माझी चूक जगात फक्त मलाच पाठ होती.

तेवढ्यात आंटींनी शेजारच्या फ्लेवियाला हाक मारली.

"ये गं, हा ॲश्टनचा मित्र. बंगालचा आहे, पण मराठी बघ किती छान बोलतो!"

मी दुरुस्ती केली नाही. फुगे गरम होते.