जत्रेचं तपेलं आणि आम्ही सगळे साक्षीदार

हयवदनअण्णांच्या मते हयवदनअण्णांसारखा गुप्तहेर बेंगळुरूत दुसरा नाही. बसवनगुडीतल्या कचेरीतून निवृत्त होऊन ते गावी परतले, तेव्हा स्वतःच म्हणाले, "माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही." त्यांचा चष्मा तेव्हा कपाळावर होता आणि ते तो खिशात शोधत होते. पण आमच्या गावात मोठ्या माणसाला तोंडावर कुणी काही म्हणत नाही.

देवनहळ्ळीच्या पलीकडे, प्लॉटांच्या पाट्यांमध्ये अंग चोरून उभं असलेलं आमचं गाव. जत्रेच्या तोंडावर देवळाच्या स्वयंपाकघरातून पायस शिजवायचं पितळी तपेलं गायब झालं. त्यात अख्ख्या गावाचं पायस शिजतं. आम्ही हादरलो.

अण्णांनी उंबरा हुंगला. आधी म्हणाले, प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्यांनी ते वितळवून फाटकाला लावलं. मग म्हणाले, विमानातून परदेशी गेलं. आम्ही वर बघितलं, विमान जातच होतं, त्यामुळे तेही पटलं. शेवटी त्यांनी मान डोलावली. "एवढं धूड खिशात मावत नाही. म्हणजे टेम्पो! आता सांगा, तो टेम्पो निळा होता की हिरवा?"

तोवर टेम्पोचं नावही कुणी काढलं नव्हतं. पण विचारल्यावर आम्हाला आठवायला लागलं. निळा. गावात टेम्पो एकच, भाजी वाहणाऱ्या विठोजीचा, आणि तो निळाच.

सुलभाला ताडपत्री आठवली. गुरुराज म्हणाला, फाटकी होती. फाटक्या जागेतून तपेल्याची कड चमकताना नरसिंहरावांनी पाहिली. यशोवर्धन दिवसभर शहरात कामाला असतो. त्यालाही टेम्पोला वाट देणारी गाय आठवली, आणि गायीचा रंग त्यानं इतका ठासून सांगितला की आम्हालाही ती दिसली. ज्यांना काहीच आठवत नव्हतं, ते गप्प बसले. त्यांचं गप्प बसणंही आम्ही होकारात धरलं. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "कोणी पाहिलं?" आम्ही एका आवाजात म्हणालो, "आम्ही सगळ्यांनी पाहिलं!"

दुसऱ्या दिवशी विठोजी टेम्पोत आपलंच सामान भरायला लागला. गाद्या, चूल, बायकोची तुळस. ज्या गावात सगळ्यांनी पाहिलं, तिथं राहून करायचं काय? तो तुमकूरला मुलाकडे चालला होता, कायमचा. आम्हाला वाईट वाटत होतं, पण पाहिलेलं न पाहिलेलं कसं करायचं?

तेवढ्यात नरसिंहरावांची थोरली बहीण, शारदाबाई अक्का, बनशंकरीहून लेकीकडचा मुक्काम आटोपून बसनं उतरली. भरलेला टेम्पो बघून तिनं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "सुलभा, टेम्पो गेला त्या वेळी तू कुठं होतीस ग?"

"मी? मी मळ्यात."

"मग ताडपत्री मळ्यातून दिसली?"

"नाही अक्का, गुरुराज बोलला ना फाटकी म्हणून."

"अरे, मी तर सुलभानं ताडपत्री म्हटल्यावर बोललो," गुरुराज म्हणाला. "आणि टेम्पो तर सगळेच म्हणत होते."

"सगळे म्हणजे कोण? पहिल्यांदा कोण म्हणालं?"

आम्ही एकमेकांकडे बोटं दाखवत गेलो. बोटं फिरत फिरत अण्णांपाशी थांबली.

"मी कुठं काय सांगितलं?" अण्णा म्हणाले. "मी फक्त रंग विचारला!"

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाली. "आता माझं ऐका. तपेलं कल्हईला दिलंय. जत्रेच्या सभेत सगळे म्हणालात ना, जत्रेआधी आपण कल्हई करून घेऊ या? 'आपण' म्हणजे कोण, ते स्वल्पही ठरलं नाही. म्हणून कल्हईवाल्याला मीच बोलावलं, तपेलं त्याच्या स्वाधीन केलं आणि बनशंकरीला गेले. तुम्ही मला एक फोन तरी केलात का रे?"

आम्ही केला नव्हता. आम्हाला वाटलं, कुणीतरी केलाच असेल.

आम्ही सगळे मिळून विठोजीच्या दाराशी गेलो. अण्णा सर्वांत मागे. आम्ही एका आवाजात म्हणालो, "विठोजी, आमचं चुकलं."

विठोजी दोरीची गाठ आवळत राहिला. "तसं नको," तो म्हणाला. "चोर म्हणताना सगळे होतात. कुठल्या तोंडाला मी जाब विचारणार होतो? आता एकेकानं या. नाव सांगा आणि म्हणा."

एवढं मोठं गाव, आणि एक माणूस सापडेना. मग गर्दीतून एक जण पुढे झाला, त्यानं विठोजीचा हात धरून आपलं नाव घेतलं आणि तो म्हणाला, "माझं चुकलं." त्यामागून दुसरा. मग रांगच लागली. विठोजीचे डोळे भरले, आमचेही. गाद्या आम्हीच खाली उतरवल्या. जत्रेला पायस त्याच तपेल्यात शिजलं आणि पहिली वाटी विठोजीला दिली.

त्या दिवशी पहिल्यांदा पुढे कोण झालं, हे मात्र आजही गावात कुणालाही विचारा. आम्हाला प्रत्येकाला अगदी लख्ख आठवतं. मीच.